माल दुकानात, पण मालक कोण? न विकलेल्या मालाचा फटका वाटून घेणाऱ्या करारांची गोष्ट

१४ जानेवारी २०२५ ला अमेरिकेत डायमंड कॉमिक डिस्ट्रिब्युटर्स नावाच्या कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. आपल्याकडे हे नाव फारसं कुणाला माहीत नाही. पण १९९७ च्या आसपास सुरू होऊन पुढची वीसेक वर्षं अमेरिकेतल्या कॉमिक्सच्या दुकानात पोचणारं जवळपास प्रत्येक अंक, मग तो स्पायडरमॅनचा असो की बॅटमॅनचा, याच कंपनीच्या गोदामातून जायचा. २०२० मध्ये डीसीने साथ सोडली, पाठोपाठ मार्व्हलही दुसरीकडे गेलं आणि कंपनी खंगत गेली.

कंपन्या बुडतात, त्यात नवीन काही नाही. खरा राडा झाला पाच महिन्यांनी. जून २०२५ मध्ये कंपनीने कोर्टाकडे परवानगी मागितली, की गोदामात पडलेला माल विकून आम्हाला देणी भागवू द्या. मेख अशी होती, की त्यातला बराचसा माल कंपनीने विकत घेतलेलाच नव्हता. शंभराहून जास्त लहान-मोठ्या प्रकाशकांनी तो तिथे ठेवायला दिला होता. बोली साधी होती, विकला गेला की पैसे द्या, नाही गेला तर आमचा आम्हाला परत करा.

प्रकाशक म्हणाले, माल आमचा आहे, तो तुम्ही कसा विकणार? कंपनीचं म्हणणं, माल तुमचा आहे हे सांगणारा कागद तुम्ही सरकारदरबारी नोंदवलेलाच नाही, तेव्हा त्यावर आधी हक्क कर्ज देणाऱ्या बँकेचा. लहान प्रकाशकांसाठी हा धक्का मोठा होता, कारण छापून झालेला बहुतेक साठा याच गोदामात होता.

आता कुणालाही प्रश्न पडेल, की पैसे न घेता आपला माल दुसऱ्याच्या गोदामात ठेवायचा उद्योग लोक करतातच कशाला? रोख द्या, माल न्या, विषय संपला. पण जगभरात पुस्तकं, मासिकं, कपडे, औषधं असा कितीतरी माल 'विकला नाही तर परत' या बोलीवर दुकानात जातो. यात देणाऱ्याचा भाबडेपणा नसतो. गणित असतं, आणि ते तसं सोपं आहे.

चाळीस पुस्तकांचं गणित

समजा एक पुस्तक आहे, छापील किंमत ३०० रुपये. प्रकाशकाला छपाईला एका प्रतीमागे ६० रुपये खर्च येतो. दुकानदाराला तो १८० रुपयांना देतो. पुस्तक विकलं तर दुकानदाराला १२० रुपये सुटतात. नाही विकलं तर ते रद्दीत गेलं असं धरू, म्हणजे १८० रुपये बुडाले.

दुकानदाराला अंदाज आहे की हे पुस्तक १०, २०, ३० किंवा ४० प्रती जाईल. चारही शक्यता सारख्याच. मग त्याने किती प्रती मागवाव्यात?

पहिल्या दहा प्रती तर जाणारच. विसावी प्रत जायची शक्यता चारात तीन, म्हणजे ७५ टक्के. तिसावी जायची शक्यता ५० टक्के आणि चाळिसावी जायची २५ टक्के. दुकानदाराला एका प्रतीवर १२० मिळवायला १८० पणाला लावावे लागतात, म्हणून प्रत विकली जायची शक्यता ६० टक्क्यांच्या वर असेल तरच ती घेण्यात अर्थ आहे. त्यामुळे शहाणा दुकानदार २० प्रतींवर थांबतो.

आता हाच हिशोब दुकानदार आणि प्रकाशक यांचा धंदा एकच आहे असं समजून करू. तेव्हा पुस्तकाचा खरा खर्च फक्त ६० रुपये आहे आणि विकलं तर २४० सुटतात. ६० घालवून २४० मिळायची शक्यता असेल तर विक्रीची खात्री २० टक्क्यांच्या वर असली तरी पुरते. म्हणजे चाळिसावी प्रतसुद्धा दुकानात असायला हवी.

गोम इथे आहे. १८० रुपयांतले १२० हा प्रकाशकाचा नफा आहे, पण दुकानदारासाठी तो खर्च आहे. तो या खर्चाला घाबरून निम्म्याच प्रती मागवतो. ज्या महिन्यात चाळीस गिऱ्हाइकं येतात त्या महिन्यात वीस जण हात हलवत परत जातात. ते नुकसान कुठल्याच वहीत लिहिलं जात नाही, म्हणून ते कुणाच्या लक्षातही येत नाही.

आकड्यात बघू. वीस प्रती मागवल्या तर सरासरी साडेसतरा विकल्या जातात. दुकानदाराचा सरासरी नफा १,६५० रुपये, प्रकाशकाचा २,४००, दोघांचा मिळून ४,०५०. चाळीस मागवल्या तर सरासरी पंचवीस विकल्या जातात, पंधरा रद्दीत जातात आणि तरीही दोघांचा मिळून नफा ५,१०० होतो. म्हणजे माल उरतोय, वाया जातोय, तरी धंदा जास्त होतोय. यावर पटकन विश्वास बसत नाही, पण वर दिलेले आकडे कागदावर मांडून बघता येतील.

आता प्रश्न एवढाच, की दुकानदाराला चाळीस प्रती ठेवायला तयार कसं करायचं?

एक रस्ता म्हणजे बायबॅक. प्रकाशक म्हणतो, पुस्तक १८० लाच घे, पण उरलं तर मी १५० रुपये देऊन परत घेईन. आता दुकानदाराचा धोका १८० वरून ३० वर आला आणि विकलं तर १२० मिळणारच आहेत. ३० पणाला लावून १२० मिळत असतील तर २० टक्के शक्यता पुरते. तो आपणहून चाळीस मागवतो.

दुसरा रस्ता म्हणजे रेव्हेन्यू शेअरिंग, मराठीत सांगायचं तर गल्ल्यात वाटा. प्रकाशक म्हणतो, पुस्तक फक्त ३० रुपयांना घे, पण विकलं की ३०० तले निम्मे, म्हणजे १५० मला दे. विकलं तर दुकानदाराला १५० वजा ३०, म्हणजे १२० सुटले. नाही विकलं तर ३० बुडाले.

आकडे परत बघा. दोन्ही रस्त्यांत विकलं तर १२०, नाही तर ३० चा तोटा. वरून दोन वेगळे करार दिसतात, पण पैशाच्या हिशोबात ते एकच आहेत. जेरार्ड कॅशॉन आणि मार्टिन लारिव्हिएर या अमेरिकी अभ्यासकांनी २००५ च्या एका शोधनिबंधात हेच गणिताने दाखवून दिलं. किंमत ठरलेली असेल तर बायबॅक आणि रेव्हेन्यू शेअरिंग ही एकाच नाण्याची दोन तोंडं आहेत.

फायदा कुणाचा, धोका कुणाचा?

या नव्या करारात दोघांच्या वाट्याला सरासरी २,५५० रुपये येतात. दुकानदार १,६५० वरून २,५५० वर गेला. प्रकाशक २,४०० वरून २,५५० वर. दोघंही पुढे गेले, म्हणून दोघांनीही सही करावी हे वरवर बरोबर वाटतं.

पण वाईट महिना आला तर काय होतं तेही पाहायला हवं. फक्त दहाच प्रती विकल्या गेल्या असं समजा. जुन्या पद्धतीत प्रकाशकाचे २,४०० आधीच खिशात आलेले असायचे आणि दुकानदाराला ६०० चा खड्डा पडायचा. नव्या करारात दोघांनाही ३०० रुपये सुटतात. म्हणजे दुकानदाराचा खड्डा भरला, पण प्रकाशकाची २,४०० ची खात्री गेली. सरासरी १५० रुपये जास्त मिळावेत म्हणून त्याने एवढा धोका अंगावर घेतला. ज्याच्याकडे शंभर पुस्तकं आणि पाचशे दुकानं आहेत त्याला हे परवडतं, कारण एका ठिकाणचं नुकसान दुसरीकडे भरून निघतं. ज्याचं एकच पुस्तक आहे आणि छपाईचं बिल उधारीवर आहे, त्याला एक वाईट महिना पुरे होतो. डायमंडच्या गोदामात अडकलेल्यांत असेच लहान प्रकाशक बरेच होते.

परत घ्यायची किंमत किती ठेवायची, हा दुसरा नाजूक भाग. प्रकाशकाने उदार होऊन पूर्ण १८० रुपये परत द्यायचं कबूल केलं, तर दुकानदाराचा धोका शून्य होतो. मग तो चाळीसवर का थांबेल? कपाट भरलेलं दिसावं म्हणून साठ मागवेल, शंभर मागवेल, जास्तीच्या सगळ्या परत पाठवेल. त्याने चाळीसच मागवल्या असं धरलं तरी प्रकाशकाचा सरासरी नफा २,१०० वर येतो, म्हणजे रोखीच्या धंद्यापेक्षाही कमी. धोका वाटून घेण्याचा करार आणि सगळा धोका एकाच्या गळ्यात घालण्याचा करार यांच्यातलं अंतर या उदाहरणात फक्त तीस रुपयांचं आहे.

अमेरिकन पुस्तक व्यवसायात नेमकं हेच झालं. १९३० च्या दशकातल्या महामंदीत दुकानदार नवी पुस्तकं घ्यायला धजत नव्हते, तेव्हा सायमन अँड शुस्टरसारख्या प्रकाशकांनी उरलेली पुस्तकं परत घ्यायला सुरुवात केली. मंदी गेली, पद्धत राहिली, आणि परत द्यायची रक्कमही जवळपास पूर्ण किमतीएवढी. स्वस्त पेपरबॅक परत आणायचा वाहतूक खर्च पुस्तकापेक्षा जास्त व्हायला लागला, तेव्हा फक्त मुखपृष्ठ फाडून पाठवा आणि पुस्तक नष्ट करा असा तोडगा निघाला. म्हणूनच कित्येक अमेरिकन पेपरबॅकच्या पहिल्या पानांवर सूचना छापलेली असते, की मुखपृष्ठ नसलेलं पुस्तक विकत घेतलंत तर ते चोरीचं असू शकतं, कारण प्रकाशकाकडे ते 'न विकलेलं आणि नष्ट केलेलं' म्हणून नोंदलेलं आहे.

कॉमिक्समध्ये तर मुखपृष्ठ पाठवायचीही गरज उरली नाही. ठोक विक्रेत्याने इतके अंक नष्ट केले असं लिहून दिलं की पैसे परत. मग जे व्हायचं तेच झालं. कागदावर नष्ट झालेले अंक मागच्या दाराने संग्राहकांना विकले जाऊ लागले. प्रकाशकाच्या वहीत अंक आपटलेला दिसायचा आणि बाजारात तोच अंक हातोहात जात असायचा. विक्री पडलेली दिसते पण माल सगळीकडे सापडतो, ही खोट्या परतीची ठरलेली खूण आहे.

याला कंटाळून १९७० च्या दशकात फिल सूलिंग नावाच्या न्यूयॉर्कच्या विक्रेत्याने उलटा सौदा मांडला. आम्ही अंक परत करणार नाही, पण आम्हाला सवलत जास्त द्या. यातून अमेरिकेत फक्त कॉमिक्स विकणारी स्वतंत्र दुकानं उभी राहिली. ही दुकानं आपल्या गिऱ्हाइकांना नावानिशी ओळखायची, कोण कोणता अंक घेणार हे त्यांना आधीच माहीत असायचं, त्यामुळे माल उरायचा धोका त्यांच्यासाठी मुळातच कमी होता. ज्याला मागणीचा अंदाज चांगला येतो त्याने धोका घ्यावा आणि त्याचे पैसे वसूल करावेत, इतका सरळ हा सौदा होता. गंमत म्हणजे डायमंड याच व्यवस्थेतून मोठी झाली. दुकानदार तिच्याकडून न परतीच्या बोलीवर घ्यायचे, पण मागच्या बाजूला कित्येक प्रकाशकांचा माल मात्र तिच्याकडे परतीच्या बोलीवर पडलेला असायचा.

ब्लॉकबस्टरची कॅसेट

गल्ल्यात वाटा ही पद्धत सगळ्यात गाजली ती व्हिडिओ कॅसेटच्या धंद्यात. १९९० च्या दशकात अमेरिकेत ब्लॉकबस्टर ही कॅसेट भाड्याने देणारी सगळ्यात मोठी साखळी होती. तिची एक जुनी दुखणी होती. शनिवारी संध्याकाळी माणूस नवा सिनेमा न्यायला यायचा आणि सगळ्या कॅसेट बाहेर गेलेल्या असायच्या.

कॅसेट जास्त का ठेवत नव्हते? कारण स्टुडिओ एक कॅसेट साधारण ६५ डॉलरला विकायचे आणि भाडं होतं तीनेक डॉलर. म्हणजे एक कॅसेट २२ वेळा भाड्याने गेली तर कुठे पैसे वसूल. नव्या सिनेमाची गर्दी पहिले काही आठवडे असते, मग तो कपाटात धूळ खातो. तेवढ्या दिवसांत २२ वेळा जाईल अशा मोजक्याच कॅसेट असायच्या, तेवढ्याच घेतल्या जायच्या.

१९९८ च्या सुमारास ब्लॉकबस्टरने मोठ्या स्टुडिओंशी नवा करार केला. कॅसेटचे सुरुवातीला फक्त ८ डॉलर आणि भाड्यातला वाटा स्टुडिओला. हा वाटा ३० ते ४५ टक्क्यांच्या दरम्यान असावा, असं कॅशॉन आणि लारिव्हिएर यांनी लिहून ठेवलंय. ४० टक्के धरला तर तीन डॉलरमधले १ डॉलर ८० सेंट दुकानाकडे राहतात, आणि पाच वेळा भाड्याने गेली की कॅसेट वसूल. २२ ऐवजी ५. दुकानांनी कपाटं भरून टाकली. 'नवा सिनेमा मिळेलच, नाही मिळाला तर पुढच्या वेळी फुकट' अशी जाहिरात करायची हिंमत ब्लॉकबस्टरला आली ती यामुळे. १९९७ मध्ये भाड्याच्या बाजारातला तिचा हिस्सा २४ टक्के होता, तो २००२ पर्यंत ४० टक्क्यांवर गेला.

स्टुडिओचं काय? एका कॅसेटमागे त्यांना आता ८ डॉलर आणि दर भाड्यामागे १ डॉलर २० सेंट मिळत होते. या दराने जुने ६५ डॉलर गाठायला एकच कॅसेट जवळपास ४८ वेळा भाड्याने जायला हवी, जे होणं अवघड. म्हणजे एका कॅसेटवर स्टुडिओची कमाई घटलीच. पण कॅसेट बनवायचा खर्च मोजक्या डॉलरचा होता. दहाऐवजी चाळीस कॅसेट दुकानात गेल्या तर त्याला वेगळा भुर्दंड पडत नव्हता आणि एकूण भाडी वाढत होती. ज्युली मॉर्टिमर या अर्थतज्ज्ञ बाईंनी २००८ मध्ये छापलेल्या अभ्यासात हिशोब मांडला, की लोकप्रिय सिनेमांवर या करारामुळे स्टुडिओ आणि दुकानं दोघांचाही नफा सुमारे १० टक्क्यांनी वाढला.

पण वाटा मागायचा तर गल्ला दिसायला हवा. बायबॅकमध्ये उरलेला माल मोजता येतो, निदान फाडलेली मुखपृष्ठं तरी मोजता येतात. गल्ल्यात वाटा असेल तर मात्र किती विकलं हे दुकानदार सांगेल तेच खरं. रेंट्रॅक नावाची कंपनी तर या अविश्वासावरच उभी राहिली. ती दुकानाच्या कॉम्प्युटरला जोडलेली असायची आणि कोणती कॅसेट किती वेळा गेली हे मोजून स्टुडिओला कळवायची. ब्लॉकबस्टर मोठी होती, तिचे करार थेट होते. तरी २००३ सुरू होता होता डिस्ने तिच्याविरुद्ध कोर्टात गेलं. आरोप असा, की वाट्याच्या हिशोबात नको त्या वजावटी केल्या आणि कॅसेट ठरल्यापेक्षा लवकर विकून टाकल्या. ब्लॉकबस्टरने आरोप फेटाळले.

लहान दुकानदारांची तक्रार वेगळीच होती. त्यांचं म्हणणं, असा करार आम्हाला मिळालाच नाही, आम्ही ६५ डॉलर मोजतोय आणि समोरचा ८. त्यांनीही १९९९ मध्ये खटला भरला, तो २००२ मध्ये न्यायाधीशांनी निकालात काढला. कायद्याने त्यांची बाजू टिकली नाही, पण धंद्याच्या दृष्टीने ते चुकीचं बोलत नव्हते. हजारो दुकानांचा हिशोब एका कॉम्प्युटरवर दाखवणाऱ्या साखळीशी वाट्याचा करार करणं स्वस्त पडतं. कोपऱ्यावरच्या एकेका दुकानाची वही तपासायला माणूस पाठवायचा खर्चच वाट्यापेक्षा जास्त होतो.

पुढे डीव्हीडी आली. ती सुरुवातीपासून स्वस्त विकली जायची, त्यामुळे एवढ्या गुंतागुंतीच्या कराराची गरजच कमी झाली. ब्लॉकबस्टर २०१० मध्ये दिवाळखोरीत गेली, पण त्याची कारणं वेगळी, ती गोष्ट नेटफ्लिक्सची.

आपल्याकडे या पद्धतीचा सगळ्यात मोठा तमाशा झाला तो २००९ मध्ये. एप्रिलपासून दोन महिने हिंदी निर्मात्यांनी मल्टिप्लेक्सना नवे सिनेमेच दिले नाहीत. भांडण तिकिटाच्या वाट्यावरून होतं. शेवटी तोडगा निघाला, पहिल्या आठवड्यात निर्माता-वितरकाला ५० टक्के, दुसऱ्यात साडेबेचाळीस, तिसऱ्यात साडेसदतीस आणि त्यानंतर ३०. वाटा उतरता ठेवण्यामागे विचार असा, की सिनेमा जसजसा जुना होतो तसतशी गर्दी घटते, तेव्हा थिएटरला त्याला पडद्यावर ठेवायचं काही कारण मिळायला हवं. पण यात एक फट राहतेच. वाट्याच्या करारात थिएटरने आगाऊ काहीच गुंतवलेलं नसतं. शोला वीस माणसं आली तर त्या वीस तिकिटांतल्या निम्म्या पैशांसाठी पडदा अडवून ठेवण्यापेक्षा दुसरा सिनेमा लावणं सोपं, वर पॉपकॉर्नची कमाई तर पूर्ण थिएटरचीच. मराठी सिनेमाचे शो दुसऱ्या आठवड्यात अचानक का गायब होतात, याच्या अनेक कारणांतलं हे एक आहे. ज्याने आधी पैसे मोजलेत तो माल विकायला धडपडतो, ज्याने मोजले नाहीत तो पुढच्या मालाकडे वळतो.

हा दोष दुकानातही दिसतो. पुस्तक रोखीने घेतलं असेल तर एक प्रत जास्त खपली की दुकानदाराच्या हातात ३०० रुपये येतात. बायबॅक असेल तर तेच पुस्तक नाही विकलं तरी १५० परत मिळणार असतात, म्हणजे विकायच्या धडपडीचं मोल निम्मं होतं. मग परतीच्या बोलीवरचा माल मागच्या फळीवर जातो आणि पैसे मोजलेला माल गल्ल्याशेजारी. आपला माल दुकानात कुठे ठेवलाय हे स्वतः जाऊन बघणारे पुरवठादार उगीच चकरा मारत नसतात.

दुकान बुडालं तर?

आता परत डायमंडकडे. वरचं सगळं गणित दुकानदार हिशोब चुकता करेल हे गृहीत धरून आहे. तो बुडाला तर सगळं एका प्रश्नावर येऊन थांबतं. दुकानात पडलेला माल नक्की कुणाच्या मालकीचा?

बायबॅकमध्ये माल विकलेला असतो. मालकी दुकानदाराकडे गेली, पुरवठादाराकडे उरलं फक्त परत घेण्याचं वचन आणि बाकी बिल. दुकान बुडालं की तो इतर देणेकऱ्यांच्या रांगेत, आणि तेही बँकेच्या बऱ्याच मागे. डायमंडच्या प्रकाशकांनी दिलेला माल या प्रकारातला नव्हता. तो फक्त विक्रीसाठी ठेवलेला होता, मालकी त्यांचीच. पण अमेरिकेच्या व्यापारी कायद्यात अशा मालकाने 'यूसीसी-१' नावाचा एक साधा फॉर्म राज्य सरकारकडे नोंदवायचा असतो. नाही नोंदवला तर दुकानाला कर्ज देणारी बँक त्या मालावर आधी हक्क सांगू शकते. बँकेने कर्ज दिलं ते गोदाम भरलेलं बघून, तो माल परका आहे हे तिला कसं कळणार, हा त्यामागचा तर्क. वर्षानुवर्षांचे संबंध, म्हणून कित्येक प्रकाशकांनी हा फॉर्म कधी भरलाच नव्हता. कंपनीने कोर्टात नेमकं त्यावरच बोट ठेवलं आणि प्रकाशक एकत्र येऊन विरोधाला उभे राहिले.

आपल्याकडे याला जुना शब्द आहे, जांगड. मुंबईच्या हिरेबाजारात आजही माल जांगडावर दिला जातो आणि जांगडाच्या चिठ्ठीवर लिहिलेलं असतं, की पैसे मिळेपर्यंत माल देणाऱ्याचाच. ती एक ओळ किती महत्त्वाची आहे ते १९३० च्या माल विक्री कायद्याचं कलम २४ वाचलं की कळतं. पसंतीवर किंवा परतीच्या बोलीवर दिलेला माल घेणाऱ्याने पसंत केला, किंवा ठरलेल्या मुदतीत नकार न कळवता ठेवून घेतला, तर मालकी त्याच्याकडे जाते. मुदत ठरलेली नसेल तर कायदा 'वाजवी वेळ' एवढंच म्हणतो, आणि वाजवी म्हणजे किती यावर पुढे वकील पोसले जातात.

२०१६ च्या दिवाळखोरी संहितेत, कलम १८ मध्ये, बुडालेल्या कंपनीच्या ताब्यात असलेला पण दुसऱ्याच्या मालकीचा माल तिच्या मालमत्तेत धरू नये असं म्हटलंय. म्हणजे मालकी सिद्ध करता आली तर वाट आहे. ती सिद्ध होते कागदावरून. माल पाठवताना सरळ विक्रीचं बिल फाडलं असेल आणि परतीचं फक्त तोंडी ठरलं असेल, तर कागद सांगतो की माल विकला. परतीच्या बोलीवरचा माल डिलिव्हरी चलनावर पाठवतात. पण तिथेही घड्याळ चालू असतं. जीएसटीच्या नियमाप्रमाणे असा माल सहा महिन्यांत पक्का विकला गेला नाही किंवा परत आला नाही, तर सहा महिने भरताच बिल करावं लागतं आणि कर भरावा लागतो, दुकानदाराने एक रुपया दिलेला नसला तरी.

त्यामुळे कोल्हापूरहून पुण्याच्या शोरूमला शंभर चपलांचे जोड परतीच्या बोलीवर पाठवणाऱ्या माणसाला गल्ल्यातला वाटा किती हे ठरवण्याआधी तीन गोष्टी लिहून घ्याव्या लागतात. पैसे येईपर्यंत माल कुणाचा, उरलेला माल किती दिवसांत आणि कुणाच्या खर्चाने परत येणार, आणि विकलेल्या मालाचा हिशोब दर महिन्याला कशावरून दाखवणार. तिसऱ्या मुद्द्यावर बहुतेक शोरूम कॉम्प्युटरचा छापील कागद देतात. त्यातली शिल्लक आणि फळीवरचे जोड जुळतात का, हे मात्र जाऊन मोजावं लागतं.